‘माझ्या सहवेदना’ एवढंच पुरे

पुण्यात फ्रेंच शिकवायला आणि भाषांतरं करायला लागून मला बरीच वर्षं झाली. दर वर्षी तीन-चारदा तरी एक ठरावीक फोन येतो. कुणा फ्रेंच सहकाऱ्याच्या घरी मृत्यू झालेला असतो आणि इथल्या माणसाला दोन ओळी लिहायच्या असतात. फोनवरचं वाक्यही ठरलेलं : “ते नेहमीचं छापील नको. मनापासून वाटलं पाहिजे.”

माझं भांडण या दुसऱ्या वाक्याशी आहे. छापील म्हणजे खोटं आणि स्वतःचे शब्द म्हणजे खरं, असं आपण धरून चाललो आहोत, आणि त्या समजुतीपायी दुःखात असलेल्या माणसाच्या हाती भलतंच काहीतरी पडतं.

आपली अडचण कुठून येते ते आधी पाहू. मराठी माणूस सांत्वन लिहीत नाही, तो भेटायला जातो. चपला बाहेर काढतो, बसतो, पाण्याचा पेला हातात धरतो, “कसं झालं?” एवढं विचारतो आणि मग ऐकतो. तिथे शब्द कमीच लागतात, बसणं हेच सांत्वन असतं. त्यामुळे लिहायची वेळ आली की आपल्याजवळ नेमकं वाक्य नसतं. मग आपण दोन ठिकाणांहून उधारी करतो. एक चौकातल्या फ्लेक्सवरून : ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, ‘ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो’. त्या फ्लेक्सवर अनेकदा गेलेल्या माणसापेक्षा शोकाकुल नेत्याचा फोटो मोठा असतो. दुसरी उधारी इंग्रजीतून, म्हणजे बहुतेक वेळा सिनेमांतून. ही दोन्ही वाक्यं फ्रेंचमध्ये ओतली की जे तयार होतं, त्याला आपण ‘मनापासून’ म्हणतो.

फ्रेंचमध्ये मात्र नेमकं वाक्य आहे : ‘तूत मे काँदोलेआँस’. माझ्या सगळ्या सहवेदना. त्यात क्रियापदसुद्धा नाही. ‘काँदोलेआँस’ या शब्दाचं मूळ लॅटिन, अर्थ ‘सोबत दुखणं’, म्हणजे आपला ‘सहवेदना’ जवळजवळ अक्षरशः तोच. दफनभूमीच्या दाराशी, ऑफिसच्या जिन्यात, कार्डावर, मेलमध्ये, सगळीकडे हेच चालतं. त्याचं उत्तरही ठरलेलं असतं : ‘मेर्सी’. ज्याच्या घरी मृत्यू झालाय त्याला यातलं काहीच समजून घ्यायला लागत नाही, काही सुचवून उत्तर द्यायला लागत नाही. त्या आठवड्यात त्याच्याकडे तेवढी शक्ती नसते, आणि हा साचा तिथे कामाला येतो. आपण भेटायला गेल्यावर जे बसणं करतो, ते फ्रेंचमध्ये हे वाक्य करतं. “घासून गुळगुळीत झालंय” ही तक्रार मला कळते. पण पायरी घासलेली असते कारण तिच्यावरून माणसं आत जातात.

आता एक खरं प्रकरण सांगते, ओळख पटेल असे तपशील काढून. लियोंमधल्या एका सहकारिणीचे वडील गेले. इथला तरुण तिच्यासोबत दोन वर्षं काम करत होता, रोज ‘तू’ म्हणून बोलत होता. त्याने केलेला फ्रेंच मसुदा मराठीत वाचला तर साधारण असा होता : ‘आदरणीय बाई, आपल्या नुकसानीबद्दल मला खेद आहे. आपल्या वडिलांच्या आत्म्यास शांती लाभो. देव आपल्याला हे सहन करण्याचं बळ देवो. त्यांना काय झालं होतं? काहीही मदत लागली तर निःसंकोच कळवा. आपला नम्र.’ खाली ऑफिसची स्वाक्षरी, हुद्दा आणि कंपनीच्या नव्या सेवेची रंगीत पट्टी.

मुलगा प्रामाणिक होता, यात शंका नाही. तरी या मजकुरातलं एकही वाक्य टिकलं नाही. का, ते क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट ‘आपण’. फ्रेंचमधला ‘तू’ आणि ‘व्हू’ हा भेद मराठी माणसाला समजवायला नको, आपल्याकडे तो आहेच. पण दुःखाचा प्रसंग म्हणून आदर वाढवावा असं आपल्याला वाटतं. दोन वर्षं ‘तू’ म्हणणाऱ्याने अचानक ‘व्हू’ म्हटलं की तिला तो आदर वाटणार नाही, तो दोन पावलं मागे सरकला असं वाटेल. रोज जे म्हणता तेच म्हणा. रोज ‘व्हू’ असेल तर ‘व्हू’च ठेवा, मृत्यूचं निमित्त करून जवळीकही साधू नका.

दुसरी गोष्ट ‘नुकसान’. ‘देझोले पूर तों पेर्त’ हे इंग्रजी वाक्याला फ्रेंच कपडे घातलेलं आहे. फ्रेंच माणसाला ते कळतं, कारण डब केलेल्या मालिकांत पोलीस दारात उभे राहून असंच बोलतात. पण ‘देझोले’ हा शब्द रोजच्या वापरात मुख्यतः माफीचा, मीटिंगला उशीर झाल्यावरचा. आणि ‘पेर्त’ हा हिशेबाच्या तक्त्यातही भेटतो. त्याऐवजी घडलेल्या गोष्टीचं नाव घ्यावं. ‘मोर’ म्हणजे मृत्यू, हा शब्द उघडा आहे पण चुकीचा नाही. ‘देसे’ थोडा कागदोपत्री, तरी सर्वांत सुरक्षित. ‘दिस्पारिस्यों’ मऊ आहे. शब्दशः ‘दिसेनासं होणं’, आपल्या ‘गेले’सारखा.

तिसरी गोष्ट आत्मा आणि देव. फ्रान्समध्ये 1905 च्या कायद्याने चर्च आणि शासन वेगळं झालं. तो कायदा शासनाला बांधतो, शोक करणाऱ्या माणसाला नाही. पण ऑफिसात कुणाची श्रद्धा गृहीत धरू नये, ही सवय तिथे खोल गेलेली आहे. मुलगी नास्तिक असेल, वडील आयुष्यभर चर्चच्या विरोधात बोललेले असतील, आणि तुम्ही त्यांच्या आत्म्याची सोय लावताय. ती श्रद्धाळू आहे हे तुम्हाला खरोखर माहीत असेल तर गोष्ट वेगळी.

आणि इथेच एक इशारा. फ्रेंच बोलणारा म्हणजे फ्रान्सचा, असं नव्हे. सहकारी सेनेगल किंवा मोरोक्कोमधला मुस्लीम असेल, तर देवाने मृताला आपल्या दयेत घ्यावं असं फ्रेंचमध्येच लिहिणं तिथे अगदी सहज असतं. उलट देवाचं नाव टाळलेलं कोरडं वाटू शकतं. क्वेबेकमध्ये लोक सर्रास ‘मे सँपाती’ म्हणतात. पॅरिसमध्ये तेच बहुवचन इंग्रजी वळणाचं वाटतं, कारण तिथे ‘सँपातिक’ म्हणजे छान, मनमिळाऊ.

चौथी गोष्ट, “काय झालं होतं?” समोर बसून विचारलेला हा प्रश्न माणसाला बोलतं करतो. मेलमध्ये तोच प्रश्न चौकशीचा कागद होतो. तिला तो आजार पुन्हा एकदा टाइप करावा लागणार, तोही परक्या देशातल्या सहकाऱ्यासाठी.

पाचवी गोष्ट, “काही लागलं तर कळवा.” हे सर्वांत उदार दिसतं आणि सर्वांत कमी देतं. काय लागेल हे शोधायचं, मग मागायचा संकोच गिळायचा, ही दोन्ही कामं तिच्यावर. पुण्यातून लियोंला तुम्ही जेवणाचा डबा नेऊन देणार नाही. पण तुमच्या हातात एक गोष्ट नक्की असते : काम. फ्रान्सच्या कामगार कायद्याने आई किंवा वडील गेल्यावर किमान तीन दिवसांची रजा मिळते. आपल्याकडच्यासारखे अंत्यसंस्कार त्याच दिवशी होत नाहीत. मृत्यूनंतर 24 तास तर थांबावंच लागतं, आणि कमाल मुदत 2024 मध्ये सहा दिवसांवरून चौदा दिवसांवर नेली. म्हणजे ती कामावर परतली तरी अंत्यविधी व्हायचा असू शकतो. अशा वेळी गुरुवारची डिलिव्हरी कुणी सांभाळली, हे तिच्यासाठी कवितेपेक्षा मोठं असतं.

त्या तरुणाला मी एकच प्रश्न विचारला : वडिलांबद्दल ती कधी काही बोलली होती का? बराच विचार करून तो म्हणाला, एकदा मीटिंग सुरू व्हायची वाट पाहताना त्यांच्या बागेबद्दल बोलली होती. मग मजकूर असा झाला :

‘शेर’ आणि पुढे तिचं पहिलं नाव.
झाप्राँ आव्हेक बोकू द त्रिस्तेस ल देसे द तों पेर.
तूत मे काँदोलेआँस, आ त्वा ए आ ता फामीय.
तू माव्हे पार्ले द सों झार्दॅं. झ माँ सुव्हियॅं.
झ मोक्युप द ला लिव्हरेझों द झदी. इन्युतील द म रेपाँद्र.
झ पाँस आ त्वा.

तुझे वडील गेल्याचं कळलं, खूप वाईट वाटलं. तुला आणि तुझ्या घरच्यांना माझ्या सहवेदना. त्यांच्या बागेबद्दल तू मला सांगितलं होतंस, ते माझ्या लक्षात आहे. गुरुवारची डिलिव्हरी मी पाहतो. उत्तराची गरज नाही. मला तुझी आठवण आहे. खाली नुसतं नाव. स्वाक्षरी, हुद्दा, रंगीत पट्टी काढून टाकलेली, कारण ‘कोर्दियालमाँ’ आणि फोन नंबर आपोआप चिकटले की वरचं सगळं ऑफिसच्या टपालात जातं.

यात स्वतःचं वाक्य एकच आहे, बागेचं. बाकी सगळं छापील. आणि ते एक वाक्य खरं वाटतं ते आजूबाजूच्या छापील वाक्यांमुळेच, कारण ती लक्ष वेधून घेत नाहीत. अशी आठवण नसेल तर ती ओळ गाळावी. न भेटलेल्या वडिलांना ‘थोर व्यक्तिमत्त्व’ म्हणणं, यापेक्षा खोटं दुसरं काही नाही.

यावर कुणी म्हणतं, एवढा आटापिटा कशाला, इंग्रजीत लिहा, त्यांना येतं. येतं, कामापुरतं. ज्या भाषेत ती दिवसभर बग आणि मुदतींबद्दल बोलते, त्याच भाषेत तिला वडिलांबद्दल वाचायला लावायचं का? तुमचं फ्रेंच तोडकंमोडकं असेल तर पहिल्या दोन ओळी फ्रेंचमध्ये लिहा आणि बाकीचं इंग्रजीत. मात्र हे तिला एकटीला पाठवा. टीमच्या ग्रुपवर एकाने लिहायचं आणि चौदा जणांनी तेच चिकटवायचं, खाली जोडलेले हात, ही फ्लेक्सचीच ऑफिसमधली आवृत्ती आहे. साचा वाईट होतो तो इथे, माणूसच त्याच्यामागे उभा नसतो तेव्हा.

ती परत आल्यावर पहिल्या कॉलला, इतर लोक यायच्या आधी, पुन्हा एकदा ‘तूत मे काँदोलेआँस’ म्हणावं. ती ‘मेर्सी’ म्हणेल. पुढे बोलायचं असेल तर बोलेल, नसेल तर गुरुवारच्या डिलिव्हरीचं काय झालं ते विचारेल. दोन्ही वेळी तिला जे हवं ते तिच्या हातात राहतं.