विश्लेषण : ३० जूनला निवृत्ती, १ जुलैची वेतनवाढ, निवृत्तिवेतन वाढते का?

वर्षभर काम केले, पण वेतनवाढीच्या आदल्या दिवशी सेवा संपली. अशा कर्मचाऱ्याची ती शेवटची वेतनवाढ निवृत्तिवेतनात धरायची की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने कर्मचाऱ्यांच्या बाजूने मिटवला आहे. भुसावळच्या रेल्वे वसाहतीपासून धुळ्याच्या जिल्हा परिषद शाळांपर्यंत निवृत्तांमध्ये आता प्रश्न उरला आहे तो वेगळाच : वाढ कोणाला, कोणत्या तारखेपासून आणि त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी का?

वाद नेमका कुठून आला?

सहाव्या वेतन आयोगापूर्वी प्रत्येक कर्मचाऱ्याची वेतनवाढीची तारीख वेगळी असे. २००६ पासून ती सर्वांसाठी १ जुलै ठरली. सातव्या आयोगानंतर १ जानेवारी ही दुसरी तारीख आली. दुसरीकडे, सरकारी कर्मचारी ज्या महिन्यात वयोमर्यादा गाठतो त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. हे दोन नियम एकत्र आले आणि जूनअखेर निवृत्त होणारा प्रत्येक जण एका दिवसाने वेतनवाढीला मुकू लागला. पूर्वी एखाद्याच्याच वाट्याला येणारा हा योग आता दरवर्षी हजारोंच्या वाट्याला येतो.

कार्यालयांचे म्हणणे सरळ होते. १ जुलैला माणूस सेवेतच नाही, मग वाढ कोणाला द्यायची? ३० जून २०१३ रोजी निवृत्त झालेले सीमाशुल्क खात्यातील अधिकारी पी. अय्यमपेरुमल यांनी याला आव्हान दिले. मद्रास उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. पण तो लाभ इतरांना देण्यास केंद्र सरकार तयार नव्हते.

सर्वोच्च न्यायालय काय म्हणाले?

निर्णायक निकाल आला ११ एप्रिल २०२३ रोजी, कर्नाटकच्या वीज पारेषण महामंडळाविरुद्ध सी. पी. मुंदिनमणी या प्रकरणात. वेतनवाढ हे पुढच्या वर्षासाठीचे प्रोत्साहन आहे, असा महामंडळाचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो मान्य केला नाही. वेतनवाढ मिळते ती मागे झालेल्या वर्षभराच्या चांगल्या सेवेबद्दल. ती कमावली जाते सेवेच्या शेवटच्या दिवशी. दुसऱ्या दिवशी फक्त देय होते. जे कमावले ते एका दिवसाच्या फरकाने नाकारणे मनमानीचे आहे, असा या निकालाचा गाभा आहे.

पण त्या दिवशी पगार नसतो, म्हणून ही वाढ रोख मिळत नाही. ती ‘काल्पनिक’ असते. म्हणजे शेवटचा पगार एका वाढीने जास्त होता असे कागदावर धरायचे आणि त्यावर निवृत्तिवेतन काढायचे. केंद्र सरकारच्या आदेशानुसार ही वाढ केवळ निवृत्तिवेतनासाठी मोजली जाते. ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे आणि अंशराशीकरण, म्हणजे ज्याला आपण पेन्शन विकणे म्हणतो, त्यांचा हिशेब पुन्हा होत नाही.

प्रत्यक्ष किती फरक पडतो?

उदाहरण घेऊ. भुसावळ विभागातील एक रेल्वे कर्मचारी ३० जून २०१८ रोजी वेतनस्तर ६ मधून निवृत्त झाला. त्याचे शेवटचे मूळ वेतन ६०,४०० रुपये. मागची वेतनवाढ १ जुलै २०१७ ची, म्हणजे बारा महिने पूर्ण. वेतनाच्या तक्त्यात त्याच स्तरातला पुढचा आकडा ६२,२०० आहे.

निवृत्तिवेतन शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मे. आधी ते ३०,२०० रुपये ठरले होते. काल्पनिक वाढ धरली की ३१,१०० होते. दरमहा फरक ९०० रुपयांचा. त्यावर महागाईची वाढ मिळते. जुलै २०२५ पासूनच्या ५८ टक्के दराने हा फरक महिन्याला १,४२२ रुपये होतो. रक्कम लहान वाटेल, पण ती आयुष्यभराची आहे आणि महागाईचा दर वाढेल तशी तीही वाढते.

थकबाकी कधीपासून?

खरी गुंतागुंत इथे आहे. मे २०२३ मध्ये एम. सिद्धराज प्रकरणातही केंद्र सरकारचा पराभव झाला. त्यानंतर सरकार पुन्हा न्यायालयात गेले. ६ सप्टेंबर २०२४ चा अंतरिम आदेश आणि २० फेब्रुवारी २०२५ चा अंतिम आदेश यांतून निवृत्तांचे तीन गट पडले.

पहिला गट ज्यांनी कधीच दावा केला नाही, किंवा १९ मे २०२३ नंतर केला त्यांचा. त्यांना वाढीव निवृत्तिवेतन १ मे २०२३ पासून मिळेल. त्याआधीचे काही नाही. दुसरा गट त्या तारखेपूर्वी न्यायाधिकरणात किंवा न्यायालयात गेलेल्यांचा. त्यांना अर्ज केलेल्या महिन्याच्या आधीच्या तीन वर्षांपासून लाभ आहे. तिसरा गट ज्यांच्या बाजूचा निकाल अंतिम झाला त्यांचा. त्यांना त्या निकालाप्रमाणे मिळेल. कोणाला आधीच जास्त रक्कम दिली गेली असेल, तर ती वसूल करायची नाही, असेही न्यायालयाने सांगितले.

वरच्या उदाहरणातील कर्मचारी घरी बसून राहिला असेल, तर मे २०२३ ते डिसेंबर २०२५ या ३२ महिन्यांची त्याची थकबाकी महागाईच्या वाढीसह सुमारे ४३,७०० रुपये होते. त्याच्याच सोबत, त्याच पगारावर निवृत्त झालेल्या सहकाऱ्याने मार्च २०२२ मध्ये दावा केला असेल, तर त्याचा हिशेब मार्च २०१९ पासून सुरू होतो. त्याला ५० महिन्यांचे जास्तीचे मूळ निवृत्तिवेतनच ४५,००० रुपये, शिवाय त्यावरची महागाईची वाढ. सेवा सारखी, पगार सारखा. फरक फक्त एकाने वकील केला याचा.

मग आता याचिका करावी का?

जुन्या थकबाकीच्या आशेने करू नये. १९ मे २०२३ नंतरच्या याचिकेला तीन वर्षांचा लाभ नाही, हे फेब्रुवारी २०२५ च्या आदेशात स्पष्ट आहे. सामूहिक याचिकेत नाव घालण्यासाठी कुणी वर्गणी मागत असेल, तर हा एक प्रश्न जरूर विचारावा : कोर्टात जाऊन १ मे २०२३ पूर्वीचे काही मिळणार आहे का? कार्यालय पात्र माणसाचा अर्जच फेटाळत असेल किंवा वर्षभर उत्तर देत नसेल, तर गोष्ट वेगळी. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील राज्य कर्मचाऱ्यांची उच्च न्यायालयातील प्रकरणे औरंगाबाद खंडपीठाकडे जातात.

ही कालमर्यादा केंद्र सरकारच्या प्रकरणातली आहे, हेही लक्षात ठेवावे. राज्याच्या वित्त विभागाने २०२३ मध्ये ३० जूनला निवृत्त झालेल्यांसाठी काल्पनिक वेतनवाढीचे तत्त्व स्वतःच्या आदेशाने स्वीकारले. त्यामुळे शिक्षक, महसूल किंवा पोलीस खात्यातील निवृत्तांनी अर्जात राज्याच्या आदेशाचा आधार द्यावा, केंद्राच्या पत्राचा नव्हे.

कोण पात्र नाही?

आपल्याकडे शाळेत नाव घालताना अनेकांची जन्मतारीख १ जून लिहिली गेली. महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. त्यामुळे १ जूनवाले ३१ मे रोजीच निवृत्त झाले आणि त्यांचे बारा महिने भरायला एक महिना कमी पडला. त्यांना हा लाभ नाही. ३० जूनला निवृत्त होतात ते २ जून ते १ जुलै या काळात जन्मलेले. केंद्रीय कर्मचाऱ्यांत ३१ डिसेंबरला निवृत्त झालेला, पण ज्याची वाढ १ जुलैलाच असते, तोही सहाच महिने पूर्ण करतो. १ जानेवारी ही ज्याची स्वतःची तारीख होती, त्यालाच तो लाभ.

शेवटच्या वर्षात पदोन्नती मिळाली असेल, तर पुढच्या वाढीची तारीख सरकलेली असू शकते. शिक्षा म्हणून वाढ रोखली असेल किंवा बिनपगारी रजेमुळे तारीख पुढे गेली असेल, तरीही दावा अडतो. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतील खातेदारांचे निवृत्तिवेतन शेवटच्या पगाराच्या निम्म्यावर ठरत नाही, म्हणून हा हिशेब तिथे लागू होत नाही. एसटी किंवा खासगी कारखान्यातून निवृत्त होऊन भविष्यनिर्वाह निधीचे निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचेही तसेच.

आपले वाढले आहे का, हे कसे ओळखावे?

निवृत्तिवेतन आदेश, म्हणजे पीपीओ, काढून दोन गोष्टी पाहाव्यात : निवृत्तीची तारीख आणि शेवटचे मूळ वेतन. सेवापुस्तकात मागच्या वेतनवाढीची तारीख पाहावी. शेवटच्या वेतनापुढचा तक्त्यातला आकडा घेऊन त्याचे निम्मे करावे. बँकेच्या निवृत्तिवेतन पावतीतील मूळ रक्कम त्याहून कमी असेल, तर सुधारणा झालेली नाही. पेन्शन विकले असेल, तर कपातीच्या आधीची मूळ रक्कम धरावी, नाहीतर हिशेब चुकतो.

अर्ज बँकेत किंवा कोषागारात नव्हे, तर जिथून निवृत्त झालो त्या कार्यालयात करायचा असतो. सुधारित प्रस्ताव तिथूनच निघतो. सुधारित पीपीओ आल्याशिवाय बँक किंवा कोषागार रक्कम बदलू शकत नाही. अर्जाची पोच घ्यावी आणि सोबत पीपीओ व सेवापुस्तकातील वेतनवाढीच्या नोंदीची प्रत जोडावी.

सरकारने काय करावे?

तिजोरीवरचा भार पाहून न्यायालयाने थकबाकीला तारखेची मर्यादा घातली, हे समजण्यासारखे आहे. पण मर्यादा घातल्यावर उरलेला हक्क तरी मागावा न लागता मिळायला हवा. कोण ३० जूनला निवृत्त झाला, त्याचा शेवटचा पगार किती आणि मागची वाढ कधीची, ही माहिती कार्यालयांच्याच दप्तरात आहे. तरीही सत्तरी ओलांडलेल्या माणसाने यावल किंवा शिरपूरहून जिल्ह्याला खेटे घालून ती पुन्हा सिद्ध करायची, ही अपेक्षाच चुकीची. जळगाव आणि धुळ्याच्या जिल्हा परिषदांनी, पोलीस व महसूल कार्यालयांनी आणि रेल्वेच्या भुसावळ विभागाने आपापल्या ३० जूनच्या निवृत्तांच्या याद्या काढून सुधारित प्रस्ताव स्वतःहून पाठवावेत. अर्ज न केलेल्याचे नुकसान एकदा झाले आहे. ते दुसऱ्यांदा होऊ नये.