पोस्ट बसवल्याने दात मजबूत होत नाही

"डॉक्टर, रूट कॅनॉल झालेलं आहे, फक्त दात तुटलाय. आत खिळा टाका आणि वर कॅप बसवा." अंधेरी-बोरिवलीकडच्या दवाखान्यांत ही मागणी नवी नाही. खिळा आत गेला की दात मजबूत होतो, हा मात्र गैरसमज आहे.

पोस्टचं काम एवढंच की तुटलेल्या भागाच्या जागी केलेला भराव, म्हणजे कोअर, धरून ठेवायचा. मुळाच्या टोकाकडचं ४-५ मिमी भरण तसंच ठेवून वरच्या पोकळीत तो सिमेंटने चिकटवतात. त्यासाठी मूळ जास्त कोरलं, तर ते उलट कमजोर होतं.

खरा आधार हिरडीच्या वर उरलेल्या तुमच्या स्वतःच्या दाताचा. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवतात, ती चाकाला उकलू देत नाही. तशीच कॅपची कड निरोगी दाताला सगळीकडून आवळून धरते. याला फेरूल म्हणतात. त्यासाठी दात चहूबाजूंनी साधारण २ मिमी उंच आणि किमान १ मिमी जाड उरलेला हवा. कोअरची उंची यात धरायची नाही.

समजा, तुमचा वरचा पुढचा दात तुटला. ओठाकडे ३ मिमी भिंत आहे, पण टाळूकडे तो हिरडीलगत गेला आहे. आरशात दात बराच शिल्लक दिसेल. पण चावताना खालचे दात वरच्या दाताला आतून बाहेर ढकलतात. त्यामुळे ताण नेमका टाळूकडे येतो आणि तिथे कॅपला धरायला दातच नाही. आधी सिमेंट सुटतं, फटीतून लाळ शिरते, आत कीड लागते. मग एक दिवस कॅप पोस्टसकट हातात येते किंवा मूळच उभं चिरतं. चिरलेलं मूळ बहुधा काढावंच लागतं.

अशा वेळी आधी फेरूल मिळवावा, असं माझं मत आहे. दाढांच्या भागात हिरडी आणि थोडं हाड कमी करून दात उघडा करता येतो. पुढच्या दातात त्याने हिरडीची रेषा वरखाली दिसते, म्हणून तार लावून मूळ हळूहळू खाली ओढणं बरं. त्याला काही आठवडे ते महिने लागतात. मूळ आखूड असेल, तर दोन्ही उपाय टिकत नाहीत. तिथे पोस्ट आणि कॅपवर खर्च करण्यापेक्षा दात काढून ब्रिज किंवा इम्प्लांटचा विचार करा.

म्हणून होकार देण्याआधी विचारा, "कीड काढल्यावर हिरडीच्या वर चारही बाजूंना किती दात उरतो?" उत्तर मिलिमीटरमध्ये मिळायला हवं. आधीच पोस्ट असेल आणि कॅप हलत असेल, तिथून घाण वास येत असेल किंवा हिरडीवर पुळी आली असेल, तर कॅप निघायची वाट पाहू नका. निघालीच, तर आत कीड वा चीर आहे का हे पाहिल्याशिवाय ती पुन्हा चिकटवून घेऊ नका.