सत्तर अक्षरांतली वीज

वळवाच्या दिवसांत शिरूर-दौंडच्या शिवारात दुपारनंतर आभाळ भरून येतं, तेव्हा इशाऱ्याचा एसएमएस एकाच तुकड्यात पोचायला हवा. साध्या इंग्रजीत त्याला १६० अक्षरं मिळतात, देवनागरीत फक्त ७०. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळं वेगळं मोजलं जातं, म्हणून ‘शिरूर’ पाच अक्षरांचं होतं. सत्तरी ओलांडली की संदेशाचे ६७-६७ अक्षरांचे तुकडे पडतात आणि एखादा मागे राहू शकतो. इंग्रजी संदेशात एकच मराठी शब्द घातला, तरी त्याचीही मर्यादा सत्तरवर येते. म्हणून दोन भाषांचे दोन संदेश वेगळेच पाठवावेत. ‘भारतीय हवामान विभागाच्या अंदाजानुसार’ एवढ्यातच ३६ अक्षरं खर्ची पडतात. माझ्या मते कात्री आधी तिथे लावावी. गाव, वेळ आणि कृती मात्र कापू नये. ‘शिरूर, दौंड: सायं ७ पर्यंत विजा, वादळ. झाडाखाली थांबू नका, घरात जा.’ हे ६७ अक्षरांत बसतं. यातलं ‘सायं’ गाळलंत, तर सात सकाळचे की संध्याकाळचे, हे उसाच्या फडातल्या माणसाला कळणार नाही.