चिंच कुणी खाल्ली?

दिवाळीला अजून पंधरा दिवस होते. संध्याकाळी आमची भाची घरी आली ती हातात एक लांबलचक तक्ता घेऊन. ती बी.एड. करते आहे आणि सोमवारी तिला एका शाळेत आठवीच्या वर्गावर सराव पाठ द्यायचा होता. विषय होता व्याकरणातला 'प्रयोग', वर्गात मुले अठ्ठेचाळीस आणि तास पस्तीस मिनिटांचा. "मामा, तुम्ही मराठी शिकवता, एकदा नजर टाका," असे म्हणून तिने तो तक्ता माझ्यापुढे पसरला.

ज्यांच्या घरात कुणी शिक्षक नाही त्यांच्यासाठी सांगतो, याला पाठाचे टाचण म्हणतात. एका तासात कोणत्या मिनिटाला काय करायचे, त्याला साधने कोणती लागतील आणि मुलांना कळले की नाही हे कसे पाहायचे, याचे चार रकाने आखलेले असतात. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन अशा त्याच्या पायऱ्या असतात. त्यांचे मूळ हर्बार्ट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाच्या विचारांत आहे. १८०९ साली तो कोनिग्सबर्ग येथे कांटच्या अध्यासनावर आला. त्याने स्वतः चारच पायऱ्या सांगितल्या होत्या, पाच केल्या त्या त्याच्या शिष्यांनी. शिष्य हे असेच असतात.

भाचीचा तक्ता दिसायला देखणा होता. प्रस्तावना पाच मिनिटे, हेतुकथन एक, कर्तरी आठ, कर्मणी आठ, भावे आठ, संकलन तीन, गृहपाठ दोन. बेरीज बरोबर पस्तीस. शेवटच्या, आकलनाच्या रकान्यात मात्र वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता, 'प्रश्नोत्तरे'.

"उत्तरे कोण देणार?" मी विचारले.

"मुले देतील की."

"कोणती मुले?"

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "खरे सांगू का मामा? मागच्या पाठाला पहिल्या बाकावरच्या चौघींनी सगळी उत्तरे दिली. 'समजले का?' विचारले तर साऱ्या वर्गाने 'होऽऽ' म्हटले. निरीक्षकांनी 'टाचण नीटनेटके' असा शेरा दिला. आणि आठवड्याने वह्या पाहिल्या तर अर्ध्याहून अधिक वह्यांत चूक, आणि तीही एकच."

ती चूक कोणती, हे मी न विचारताच ओळखले, कारण महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला येणारी मुले तीच चूक घेऊन माझ्याकडे येतात. 'ने' दिसला की कर्मणी, नाही दिसला तर कर्तरी! हा आडमार्ग पुष्कळदा बरोबर उत्तर देतो, म्हणून तर तो इतका चिवट असतो. त्याला पाडणारे वाक्य समोर येईपर्यंत शिक्षकाला पत्ताच लागत नाही. आणि वीस वर्षे 'समजले ना?' विचारून 'हो सर' ऐकत आलेल्या मामाने भाचीला नावे ठेवावीत, हेही जरा अवघडच होते.

आम्ही तो तक्ता बाजूला ठेवला आणि नवा आखायला घेतला, तोही शेवटच्या रकान्यापासून. तास संपताना मुलाने कोणती गोष्ट स्वतः करून दाखवली म्हणजे त्याला कळले असे मानायचे? पुष्कळ घासाघीस होऊन एकच गोष्ट उरली : क्रियापद कुणाच्या तालावर नाचते आहे, कर्त्याच्या की कर्माच्या, हे त्याला अदलाबदल करून दाखवता यावे. तेवढ्यासाठीच एक तास पुरेल की नाही याची शंका होती, म्हणून भावे प्रयोग दुसऱ्या दिवसावर टाकला. भाचीच्या जिवावर आले, पण तिने तो खोडला.

मग उदाहरणे. तिने पुस्तकी वळणाचे 'सदूने आंबा खाल्ला' हे वाक्य घेतले होते. यात सदू पुल्लिंगी आणि आंबाही पुल्लिंगी. 'खाल्ला' हे रूप कुणामुळे आले, ते मुलाला कसे कळावे? पहिल्याच वाक्यात कर्ता आणि कर्म यांची लिंगे वेगळी हवीत. 'सदूने चिंच खाल्ली' म्हटले की गाठ आपोआप उकलते. सदूच्या जागी सुमन आणली तरी 'खाल्ली' हलत नाही, पण चिंचेच्या जागी पेरू आणला की 'खाल्ला' होते आणि केळे आणले की 'खाल्ले'. उलट 'सदू चिंच खातो' यात सुमन आणताच 'खाते' होते आणि फळ कोणतेही आणा, क्रियापद ढिम्म. हीच अदलाबदल, आणि हीच खरी कसोटी.

याहून गमतीचे वाक्य म्हणजे 'मी चिंच खाल्ली'. वर्गातल्या एखाद्या दांडग्या मुलाला उभे करावे आणि हे म्हणायला लावावे. "मुलगा असून 'खाल्ली' कसे रे?" असे विचारले की वर्ग हसतो, आणि हसता हसता अडतो. 'मी'ला 'ने' नाही, तरीही प्रयोग कर्मणी आहे! आडमार्गाचे पितळ इथे उघडे पडते.

पण वर्गाला विचारायच्या प्रश्नात भाचीने 'मी भाजी चिरली' असे लिहिले होते. मी तिला थांबवले. "हे म्हणणार तू, म्हणजे बाई. मुले म्हणतील, बाई आहेत म्हणून 'चिरली'. उत्तर चुकीच्या कारणाने येईल आणि तुला ते दिसणार नाही. तू 'मी पेरू कापला' म्हण." ती कपाळाला हात लावून हसली. पाठ फसतो तो असल्या बारीक जागी.

राहिला प्रश्न अठ्ठेचाळीस जणांचा. प्रत्येकाला अर्धे मिनिट दिले तरी चोवीस मिनिटे जातात. त्यापेक्षा सगळ्यांनी एकदम उत्तर द्यावे : क्रियापद कर्त्याप्रमाणे असेल तर एक बोट, कर्माप्रमाणे असेल तर दोन. हात छातीशी धरायचा, म्हणजे शेजाऱ्याचे पाहून बोट उघडता येत नाही. बाईंनी 'दाखवा' म्हणेपर्यंत मूठ बंद. दहा सेकंदांत वर्ग वाचता येतो. मोजदाद अगदी काटेकोर नको, पण बारा-तेरा जणांहून अधिक चुकले तर पुढे जायचे नाही, असे आम्ही ठरवले. आणि 'पुढे जायचे नाही' म्हणजे काय करायचे, हेही तक्त्यात लिहिले. नाहीतर ऐन वेळी शिक्षक तेच वाक्य मोठ्या आवाजात पुन्हा सांगतो, दुसरे काही नाही.

वेळेचा हिशेबही प्रामाणिक हवा. पस्तीस मिनिटांचा तास पस्तीस मिनिटे कधीच नसतो. आधीचे सर बाहेर पडणार, हजेरी होणार, यात चार मिनिटे जातात. शेवटची दोन घंटेच्या नावाने सोडावीत. शेवटी तक्ता उतरला तो असा :

| वेळ | कृती | साधने | कळले ते कसे पाहायचे |
|---|---|---|---|
| ०–४ | हजेरी. फळ्यावर 'सदू चिंच खातो' आणि 'सदूने चिंच खाल्ली' | फळा, खडू | तपासणी नाही |
| ४–९ | मुलगा व मुलगी दोघेही 'मी चिंच खाल्ली' म्हणतात. 'खाल्ली' कुणामुळे, हे शेजाऱ्याशी बोलणे | खरी चिंच, पेरू, केळे | फिरून चार-पाच जोड्यांचे बोलणे ऐकणे |
| ९–१७ | दोन्ही वाक्यांत कर्ता बदलणे, मग कर्म बदलणे. वहीत लिहिणे | शब्दांच्या पट्ट्या, वही | मागच्या बाकांच्या वह्या आधी पाहणे |
| १७–२० | 'मी पेरू कापला' : एक बोट की दोन? | काही नाही | सर्वांची बोटे |
| २०–२७ | बारा-तेरांहून अधिक चुकले तर पट्ट्यांनी पुन्हा अदलाबदल, या वेळी फळ्यापाशी मुलेच. नाहीतर 'सदू घरी गेला' हे वाक्य तपासणे | पट्ट्या | कारण मुलाच्या तोंडून |
| २७–३३ | चिठ्ठीवर दोन वाक्ये, उत्तर आणि अदलाबदल करून पुरावा | पाव कागद | चिठ्ठ्या घरी वाचणे |
| ३३–३५ | राखीव | | |

चिठ्ठीवरची दोन वाक्ये आम्ही मुद्दाम निवडली. पहिले, 'दादा म्हणाला, "मी भाकरी भाजली."' 'ने'वर विसंबणारा इथे फसतो. दुसरे, 'सुमन डबा विसरली.' भूतकाळ आहे, कर्मही आहे, तरी प्रयोग कर्तरीच, कारण सदू आला की 'विसरला' होते. भूतकाळ दिसताच कर्मणी म्हणणारा इथे सापडतो. म्हणजे नुसती चूक कळत नाही, चुकीची जातही कळते.

एक धोका मी तिला बजावून ठेवला होता. कुणीतरी 'तू चिंच खाल्लीस' हे वाक्य काढणारच. यात 'खाल्ली' चिंचेमुळे आणि शेवटचा 'स' मात्र 'तू'मुळे. व्याकरणात त्याला संकर प्रयोग म्हणतात, पण त्या तासाला तो काढला की सगळे मुसळ केरात. असे वाक्य आले तर फळ्याच्या कोपऱ्यात लिहून चौकट करायची आणि "याला उद्या" म्हणायचे.

सोमवारी रात्री तिचा फोन आला. आठव्या मिनिटाला तिसऱ्या बाकावरून 'तू चिंच खाल्लीस' आलेच. तिने चौकट केली. बोटांच्या वेळी मात्र निम्मा वर्ग चुकला. तिला क्षणभर धस्स झाले, पण रकान्यात पुढचे लिहिलेले होते, म्हणून तिने पट्ट्या मुलांच्या हाती दिल्या. चारपाच मुले फळ्यापाशी धडपडली, वर्गात थोडा गोंधळ झाला आणि तो निरीक्षकांना आवडला नाही. 'वर्गनियंत्रण साधारण' असा शेरा मिळाला.

"आणि चिठ्ठ्या?" मी विचारले.

"सदतीस पूर्ण बरोबर. अकरा चुकल्या. त्यांतल्या आठ जणांची भाकरी बरोबर आहे, डबा चुकला आहे."

"म्हणजे 'ने' सुटला, आता भूतकाळ धरून बसलेत."

"हो. आणि एकाने गंमत केली आहे मामा. उत्तर बरोबर आहे, पण पुराव्याच्या जागी लिहिले आहे, 'बाकावरच्या मित्राने सांगितले.'"

त्या आठ चिठ्ठ्या तिने वेगळ्या टाचणीला लावून ठेवल्या आहेत. सुट्टीनंतरच्या पाठाच्या तक्त्यात चार ते नऊ मिनिटांसमोर तिने आताच लिहून टाकले आहे : 'सदू डबा विसरला, सुमन डबा विसरली.' साधनांच्या रकान्यात एक रिकामा डबा आहे. तो ती आमच्याच घरातून घेऊन गेली.