शिरपूर पॅटर्न वाशिमात? नाला खोदण्याआधी विहिरीत डोकावा

शिरपूर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं मालेगाव तालुक्यातलं शिरपूर जैन येतं. पण उन्हाळा लागला की ग्रामसभांमधून ज्या शिरपूरचं नाव निघतं ते धुळे जिल्ह्यातलं. "शिरपूर पॅटर्न करा, पाण्याचा प्रश्न मिटला." हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत इतक्या सभांमध्ये ऐकलंय की आता सांगणाऱ्याचं तोंड उघडण्याआधीच कळतं. सोबत मोबाईलमधला फोटो असतो: खोल, रुंद नाला, मधोमध सिमेंटचा बंधारा आणि काठोकाठ निळं पाणी. फोटो पाहिला की सभा संपते. पोकलेन कधी येणार, एवढंच ठरवायचं राहतं.

माझं भांडण शिरपूरशी नाही, फोटो पाहून सभा संपवणाऱ्यांशी आहे.

शिरपूरला जे झालं ते खरं आहे. भूजल सर्वेक्षण विभागातून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर आणि तिथले आमदार अमरीशभाई पटेल यांनी 2004 च्या सुमारास काम सुरू केलं. नाले खोल केले, रुंद केले, टप्प्याटप्प्यानं बिनदाराचे बंधारे घातले आणि आटलेल्या विहिरी, बोअर पुन्हा चालू झाल्या. "असं होऊच शकत नाही" म्हणणाऱ्याला गप्प करायला एवढं एक उदाहरण पुरे आहे. एका उदाहरणाची ही ताकद मोठी आहे आणि ती मी नाकारत नाही.

पण "होऊ शकतं" आणि "आमच्या नाल्यात होईल" ही दोन वाक्यं वेगळी आहेत. पहिल्यावरून दुसऱ्यावर जायचं तर मधे एक प्रश्न विचारावा लागतो: तिथं नेमकं कशामुळं झालं? फोटोत दिसतं ते खोदकाम, आणि खरं कारण जमिनीच्या पोटात आहे.

शिरपूर तालुक्याचा मोठा भाग तापीच्या गाळाचा आहे. वर बारीक पिवळी माती, तिच्यातून पाणी लवकर खाली जात नाही. तिच्याखाली वाळू-गोट्यांचे थर, आणि बोअरवेलनी वर्षानुवर्षं उपसून ते खोलवर कोरडे पडलेले. म्हणजे जमिनीखाली मोठी रिकामी टाकी आणि तिच्यावर घट्ट झाकण. नाला खोल केला म्हणजे झाकणाला भोक पाडलं. पाऊस पडला, नाला भरला, पाणी वाळूत उतरलं, नाला रिकामा झाला, पुढच्या पावसाला पुन्हा भरला.

आता आपलं बघा. काटेपूर्णा, अडाण, अरुणावती या नद्या आपल्याच जिल्ह्यात उगम पावतात. काही पाणी उत्तरेला पूर्णेकडं जातं, काही दक्षिणेला पैनगंगेकडं. म्हणजे आपण पाणलोटाच्या माथ्यावर बसलोय. नाले आखूड, उताराचे. आणि जमीन? कोणत्याही जुन्या, न बांधलेल्या विहिरीत वाकून बघा, सगळं भूगर्भशास्त्र कडेला लिहिलेलं आहे. वर काळी माती, मग मुरूम, मग फुटका-तडकलेला किंवा भोकाभोकाचा खडक, आणि खाली काळा फत्तर. पाणी राहतं ते मुरमात आणि फुटक्या खडकात. हा थर काही ठिकाणी थोडा जाड, काही ठिकाणी दोन पुरुष खाली गेलं की संपला. फत्तराला तडा नसेल तर त्यात पाणी शिरत नाही, मग तुम्ही नाला कितीही खोल करा.

थोडं गणित करू, सोपं आहे. भूजलाच्या अंदाजासाठी देशभर जी सरकारी पद्धत वापरतात, तिच्यात बारीक गाळाच्या जमिनीसाठी साधारण 8 टक्के आणि झिजलेल्या बेसाल्टसाठी साधारण 2 टक्के धरतात. म्हणजे एक हेक्टर जमिनीखाली पाण्याची पातळी एक मीटर वर आली, तर गाळात 8 लाख लिटर उपसता येईल असं पाणी साठलं. आपल्याकडं तेवढ्याच एक मीटरमध्ये 2 लाख लिटर.

यात आणखी एक मेख आहे. तेच 8 लाख लिटर पाणी आपल्या खडकात मुरलं तर पातळी एक नाही, चार मीटर वर येईल. मग कोणीतरी सादरीकरणात छाती फुगवून सांगणार, "त्यांच्याकडं एक मीटर वाढली, आमच्याकडं चार!" पाणी तेवढंच आहे, भाऊ. भांडं अरुंद आहे म्हणून उंच दिसतं, आणि दोन मोटारी लावल्या की तितक्याच लवकर खाली जातं. एका ठिकाणचे मीटर दुसऱ्या ठिकाणच्या मीटरशी लावायचेच नसतात. तरी ते रोज लावले जातात.

आता त्या फोटोकडं परत येतो, कारण सगळी फसगत तिथंच आहे. आमच्या भागातल्या एका गावात, नाव घेत नाही, काही वर्षांपूर्वी नाला असाच खोदला गेला. जानेवारीत मी गेलो तर नाल्यात पाणी टिच्चून भरलेलं, पोरं मासे धरत होती. गावकरी खूश. नाल्याला लागून वावर असलेला एक म्हातारा शेतकरी मात्र म्हणाला, "पाणी नाल्यात दिसून राह्यलं ना भाऊ, मंग माह्या इहिरीत काहून नाही?"

या एका प्रश्नात सगळी तपासणी आली. जिरवण्यासाठी खोदलेल्या नाल्यात जानेवारीत पाणी दिसतंय याचा अर्थ ते जिरलेलं नाही. शंभर मीटर लांब, वीस मीटर रुंद, सहा मीटर खोल खड्डा घ्या. त्यात 12 हजार घनमीटर, म्हणजे 1 कोटी 20 लाख लिटर पाणी मावतं. तो पावसाळ्यात पाच वेळा भरून पाच वेळा जिरला तर 6 कोटी लिटर जमिनीत गेलं. एकदाच भरून तसाच राहिला तर 1 कोटी 20 लाखांचं उघडं तळं झालं, त्यातलं ऊन किती पितं ते वेगळं. तळंही कामाचं असतं. हरभऱ्याला एक-दोन पाणी होईल, जनावरं पितील. पण मग त्याला तळं म्हणा आणि तळ्याचा खर्च-फायदा मांडा. शिरपूरचं नाव कशाला?

म्हाताऱ्याच्या विहिरीचं दुखणं याहून वाईट होतं. नाल्याचा तळ तिच्यातल्या पाण्याच्या पातळीखाली गेला होता. पाणी उताराकडं जातं, त्याला शासन निर्णय लागत नाही. पाऊस थांबल्यावर मुरमातलं पाणी हळूहळू नाल्याच्या खोल भागाकडं सरकलं. विहीर भरण्यासाठी खोदलेल्या नाल्यानं विहीर रिकामी केली. 2013 मध्ये राज्य शासनानं नाला खोलीकरणाला मर्यादा घालणाऱ्या सूचना काढल्या होत्या, त्या याच भीतीपोटी. खुद्द खानापूरकरांनीही गाळाच्या आणि खडकाच्या भागात काम वेगळं करायला सांगितलं आहे. पण फोटोसोबत ती ओळ फॉरवर्ड होत नाही.

दुसरी गोष्ट माणसांची. शिरपूरला यंत्रं, डिझेल आणि पैसा यांची सोय तिथल्याच लोकांनी लावली, आणि एक जाणता भूवैज्ञानिक वर्षानुवर्षं कामावर उभा होता. कुठं थांबायचं हे तो ठरवत होता. आपल्याकडं ठेकेदाराला घनमीटरवर पैसे मिळतात. मग तो कुठं खोदणार? जिथं माती मऊ आहे तिथं. किती खोदणार? जितकं मोजलं जाईल तितकं. खडकाला तडा कुठं आहे हे शोधण्यात त्याचा दिवस वाया जातो. शिवाय आपल्या काळ्या मातीचा चिखल पहिल्याच पावसात तळाला बसतो आणि मुरण्याची वाट बंद करतो. तो दरवर्षी काढायचा कोणी? अंदाजपत्रकात खोदाईचा आकडा असतो, गाळ काढण्याची ओळ मला अजून कोणी दाखवलेली नाही.

आता उलट्या टोकाच्या लोकांनाही सांगतो. 2020 मध्ये कॅगनं जलयुक्त शिवारवर ताशेरे ओढले, भूजल वाढवण्यात योजना कमी पडली असं सांगितलं, आणि काहीजण म्हणायला लागले की हे सगळंच थोतांड. तेही चूकच. राज्यभराच्या अहवालावरून तुमच्या एका नाल्याचं भविष्य कळत नाही आणि त्या म्हाताऱ्याच्या विहिरीवरून शिरपूर खोटं ठरत नाही. आपल्या जिल्ह्यातही एखाद्या नाल्याखाली तडकलेला खडक चांगला जाड असेल, तिथं खोलीकरण उत्तम चालेल. प्रश्न तो नाला कोणता, हा आहे.

ते शोधायला दिल्लीहून कोणी यायला नको. खोदायच्या जागेच्या दोन्ही बाजूंच्या चार-पाच विहिरींत कोणता थर किती फुटांवर आहे ते उतरवून घ्या. विहिरीतल्या पाण्याची पातळी आणि नाल्याचा ठरवलेला तळ लेव्हल लावून ताडून बघा. तळ पाण्याच्या खाली जात असेल तर तिथं थांबा. नाल्यात एक छोटा खड्डा घेऊन टँकरनं भरा आणि एका रात्रीत किती उतरलं ते मोजा. जेसीबीचा एखादा तास आणि एक टँकर, एवढाच खर्च. पोकलेनचं बिल त्यापुढं किती असतं ते ग्रामसेवकाला विचारा.

आणि खोदल्यावर यश कशावरून म्हणायचं हे खोदण्याआधी लिहून ठेवा. नाल्याजवळच्या विहिरी वर आल्या, एवढं पुरत नाही. पाऊस चांगला झाला तर सगळ्याच विहिरी वर येतात, बंधाऱ्याच्याही आणि बिनबंधाऱ्याच्याही. म्हणून शेजारच्या, तसाच खडक असलेल्या आणि काहीच न खोदलेल्या नाल्यावरच्या विहिरीही त्याच दिवशी मोजा. दोन्हींतला फरक हे तुमचं यश. भूजल विभाग निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजतो, त्याच महिन्यांत मोजलं तर त्यांच्या नोंदींशी ताळा घेता येईल.

ज्या गावांचे यंदा ठराव झालेत त्यांच्या सरपंचांना माझी जाहीर विनंती आहे. मे महिन्यात दगड बांधून दोरी सोडा, आठ विहिरी मोजा, चार नाल्यावरच्या, चार लांबच्या. आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तारखेसकट लिहा. ऑक्टोबरला त्याच दोरीनं पुन्हा मोजा, पुढच्या मेमध्ये पुन्हा. मी फळ्याचा फोटो काढायला येईन. नाल्याचा फोटो पाठवू नका, तो माझ्याकडं खूप आहे.