ढोबळी मिरची, टोमॅटो आणि ग्रिलचे अंतर

चुलीच्या निखाऱ्यावर वांगे, टोमॅटो, मिरची भाजून चटणी करणे आपल्याकडे नवे नाही. आता अंबडसारख्या गावातही अनेक घरांत छोटा ओव्हन, म्हणजे ओटीजी आला आहे. पण त्यात मिरची भाजली तर साल चिकटून राहते आणि आतला गर मात्र मऊ पडून पाणी सुटते, अशी तक्रार भगिनींकडून बरेचदा ऐकू येते. याचे कारण बहुतेक वेळा अंतरात असते.

ग्रिल करताना वरचा रॉड लाल होतो आणि त्याची आच थेट सालीवर पडते. रॉड जवळ असेल तर गर शिजण्याआधीच साल काळी होते, फुगते आणि सुटते. तोच दूर असेल तर साल करपायच्या आत सगळी भाजी गरम हवेत शिजून जाते. म्हणून ट्रे कोणत्या खाचेत ठेवला हे पाहण्याऐवजी रॉड आणि सालीमधले अंतर पट्टीने मोजावे. अर्थात हे मोजमाप ओव्हन थंड असतानाच करावे. ढोबळी मिरचीसाठी दोन ते अडीच इंच आणि टोमॅटोसाठी सुमारे तीन इंच अंतर ठीक पडते.

चार मिरच्या आणि सहा टोमॅटोंची चटणी करायची आहे असे धरू. मिरच्या धुऊन पूर्ण कोरड्या कराव्यात, कारण ओल्या सालीवरची आच आधी पाणी उडवण्यातच खर्च होते. मिरची उभी चिरून बिया काढाव्यात आणि साल वर ठेवून तळहाताने दाबून सपाट करावी. अख्खी मिरची ठेवली तर तिच्या खाचा रॉडपासून लांब राहतात व तिथली साल निघत नाही.

फक्त वरचा रॉड सुरू होईल असे बटण लावावे आणि तापमान सर्वात वरच्या आकड्यावर ठेवावे. हे महत्त्वाचे आहे. आकडा १८० वर असेल तर तेवढी उष्णता होताच रॉड आपोआप बंद पडतो आणि मिरची भाजण्याऐवजी नुसती शिजते. रॉड लालच आहे ना, हे काचेतून अधूनमधून पाहत राहावे. आधी दहा मिनिटे ओव्हन तापवावा, मग ट्रे सरकवावा. ट्रेवर बटर पेपर अंथरू नये. रॉडच्या इतक्या जवळ तो पेट घेऊ शकतो.

साधारण बारा ते पंधरा मिनिटांत मिरचीच्या सालीवर काळे फोड येतात. पण केवळ घड्याळावर विसंबू नये. संध्याकाळी व्होल्टेज उतरले की रॉडही मंदावतो. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर त्याची उष्णता जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटते. त्यामुळे अशा वेळी भाजणे दुपारीच उरकलेले बरे. सालीचा अर्ध्याहून अधिक भाग काळा झाला आणि बाकीची साल फुगून वर आली, की मिरची झाली असे समजावे.

गरम मिरच्या लगेच पातेल्यात घालून दहा-पंधरा मिनिटे झाकून ठेवाव्यात. आत कोंडलेल्या वाफेने उरलेली साल सैल होते. मग ती बोटांनी सोलावी. नळाखाली धरू नये, सालीसोबत भाजल्याचा वास आणि रसही वाहून जातो. बोटे वाटीतल्या पाण्यात बुडवत राहिले तरी पुरते. चार-दोन काळे ठिपके राहिले तर बिघडत नाही.

टोमॅटो मिरचीनंतर वेगळे भाजावेत. सोबत ठेवले तर त्यांचा रस ट्रेत उतरतो आणि त्याच्या वाफेने मिरची करपत नाही. टोमॅटोचे दोन भाग करून चिरलेली बाजू खाली ठेवावी. साल पातळ असल्याने आठ-दहा मिनिटांत ती सुरकुतते, कडेला काळी पडते आणि चिमटीत धरली की अलगद उचलली जाते. त्यांना झाकून ठेवायची गरज नाही. जास्त वेळ ठेवले तर गर विरघळतो. टोमॅटो घट्ट पण पूर्ण लाल निवडावेत. कच्च्याची साल हट्टी असते.

ट्युनिशियात याच दोन भाज्या लसणासोबत भाजून, कुटून, वर जैतुनाचे तेल घालून खातात. तिथे त्याला मशविय्या म्हणतात, म्हणजे भाजलेले. आपण जैतुनाऐवजी शेंगदाण्याचे तेल, भाजलेला लसूण, जिरे आणि मीठ घालून खलबत्त्यात ओबडधोबड कुटावे. ज्वारीच्या भाकरीबरोबर ही चटणी चांगली लागते. उरलेली झाकून फ्रिजमध्ये ठेवावी आणि दोन दिवसांत संपवावी.