त्या एका प्रश्नात गेलेले बत्तीस तास



मागे एका सोमवारी संध्याकाळी सातला माझी जुनी विद्यार्थिनी दारात येऊन उभी राहिली. उद्यमबागेत नोकरीला असते. शनिवारी रात्री अकराला निरोध फाटला होता. रविवारी सकाळी अकराला ती औषधाच्या दुकानात गेली, तर काउंटरवर चारचौघांत विचारलं, "लग्न झालंय काय?" पोरगी तशीच परत फिरली. बारा तासांचे चव्वेचाळीस झाले ते असे.

ही गोळी, लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम, बीजांड बाहेर पडणं लांबवते. ते बाहेर पडून गेलं असेल तर तिचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून मुदत ७२ तासांची असली तरी पहिल्या दिवशी घेतलेली अधिक खात्रीची. आधीच राहिलेला गर्भ ती पाडत नाही. डॉक्टरची चिठ्ठीही लागत नाही.

"बाई, पाप लागेल?" ती म्हणाली. १९६८ चं पोपसाहेबांचं पत्र मला ठाऊक आहे, ते मी नाकारत नाही. पण त्या घडीला मी एवढंच विचारलं, "जबरदस्ती तर नव्हती ना, बाळ?" "नाही बाई." मग दोघी दुसऱ्या दुकानात गेलो. दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा गोळी घ्यायची, पाळी आठवड्याहून जास्त लांबली तर तपासणी करायची, आणि पुढच्या वेळेला ही गोळी राखण करत नाही, इतकं सांगितलं.

त्या दुकानात विचारायला हवं होतं ते "कधी झालं?" एवढंच.

— एक निवृत्त शिक्षिका, उद्यमबाग